ताईच्या लग्नाची डीव्हीडी आणि 8 सेंटिमीटरचा ब्लॉक

ताईच्या लग्नाची डीव्हीडी 2009 सालची, एकच कॉपी, आणि ती कपाटात कव्हरशिवाय पडून होती. मागच्या महिन्यात लॅपटॉपला बाहेरचा ड्राइव्ह लावून कॉपी करायला घेतली तर साधारण एक तृतीयांश कॉपी झाली आणि तिथेच अडकली, ड्राइव्ह नुसता घरघर करत राहिला आणि शेवटी एरर देऊन मोकळा झाला. डिस्क उजेडात तिरकी धरून बघितली तर आरपार गेलेले चारपाच ओरखडे दिसले, पण ते आतून बाहेर, म्हणजे सायकलच्या स्पोकसारखे होते. त्यांच्याशिवाय एक छोटासा, जेमतेम 2 सेंटिमीटरचा ओरखडा होता जो गोलाईच्या दिशेने गेला होता. मला वाटलं मोठे ओरखडे गुन्हेगार. निघाला तो छोटाच, आणि का ते कळल्यावर मला हा सगळा प्रकार इतका आवडला की लिहायलाच बसलो.

डीव्हीडीवरची माहिती एकाच लांबलचक गोल गोल जाणाऱ्या रेषेत असते, आतून सुरू होऊन बाहेर. दोन फेऱ्यांमधलं अंतर 0.74 मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये साडेतेराशे फेऱ्या बसतात. ही रेषा डिस्कच्या पृष्ठभागावर नसते, 0.6 मिमी प्लॅस्टिकच्या आत असते, आणि लेसरचा झोत आत जाऊन बारीक होतो पण पृष्ठभागावर तो चांगला अर्धा मिलिमीटर रुंद असतो. म्हणून बारीक धूळ किंवा केसाएवढा ओरखडा त्याला फारसा अडवत नाही, चष्म्यावरचा ठिपका जसा आपल्याला धूसर दिसतो तसंच. (सीडीचं वेगळं आहे, तिथे माहितीचा थर लेबलच्या लगेच खाली असतो, त्यामुळे लेबलच्या बाजूने खरवडलं तर माहितीच सोलून निघते आणि मग काही उपाय नाही.)

पण तरी चुका होतातच, अगदी नव्या डिस्कवर पण होतात. त्यासाठी डिस्कवर आधीच जादा आकडे लिहून ठेवलेले असतात, आणि हे समजायला दुधाचा हिशोब बघा. कॅलेंडरवर रोजचं दूध लिहिलंय आणि खाली महिन्याची बेरीज आहे. एका दिवसाच्या आकड्यावर चहा सांडला तर बेरजेतून बाकीचे दिवस वजा करून तो आकडा परत मिळतो. पण कुठेतरी एक आकडा चुकीचाच लिहिला असेल तर बेरीज जुळत नाही एवढंच कळतं, कुठला दिवस चुकला ते कळत नाही. म्हणजे चूक कुठे आहे हे माहीत असेल तर दुरुस्ती खूप स्वस्त पडते.

डीव्हीडी नेमकं हेच दोनदा करते. 32 केबी माहितीचा एक ब्लॉक घेऊन ती 192 ओळी आणि 172 रकाने अशी मांडतात, प्रत्येक ओळीला 10 आणि प्रत्येक रकान्याला 16 तपासणीचे आकडे जोडतात. यामागचं गणित रीड आणि सॉलोमन या दोघांनी 1960 मध्ये मांडलं होतं. ओळ स्वतःहून 5 पर्यंत चुका दुरुस्त करते, त्याहून जास्त असतील तर ती "मी खराब" अशी खूण करून सोडून देते, आणि मग रकाने पुढे येतात. त्यांना आता कुठल्या ओळी गेल्यात ते माहीत असतं, त्यामुळे 16 अख्ख्या ओळी गेल्या तरी ते भरून काढतात. 17 गेल्या की अख्खा ब्लॉक गेला.

आता हे डिस्कवर मोजलं की मजा येते. असा एक ब्लॉक त्या रेषेवर साधारण 8 सेंटिमीटर लांब पसरलेला असतो आणि 16 ओळी म्हणजे त्यातले सुमारे 6 मिलिमीटर. स्पोकसारखा ओरखडा रेषेला आडवा कापतो, प्रत्येक फेरीत अर्धाएक मिलिमीटर खराब करतो, ते सहज भरून निघतं. गोलाईच्या दिशेचा 2 सेंटिमीटरचा ओरखडा मात्र रेषेच्या बाजूबाजूने चालतो आणि एकाच ब्लॉकचे सलग 20 मिलिमीटर खातो. वर तो नुसता दशांश मिलिमीटर रुंद असला तरी त्याखाली शेजारशेजारच्या सव्वाशेच्या वर फेऱ्या येतात. म्हणूनच डिस्क पुसताना मधून बाहेर सरळ पुसायची, गोल गोल कधीच नाही.

अशा डिस्कवरची माहिती सोडवायला खराब जागा पुन्हा पुन्हा वाचतात, पण त्याचा फायदा काय, ओरखडा तर तिथेच आहे ना? फायदा कडेच्या ब्लॉकमध्ये आहे. झोत अर्धा मिलिमीटर रुंद असल्यामुळे ओरखड्याच्या आजूबाजूच्या शेकडो फेऱ्यांवर त्याची अर्धवट सावली पडते, सिग्नल कमजोर होतो, आणि तिथे एका वेळी 18 ओळी जातात तर दुसऱ्या वेळी 15. डिस्क थोडी डगमगते, फोकस किंचित वेगळा लागतो, वेग कमी असतो, एवढ्याने पारडं फिरतं. एकदा 16 च्या आत आलं की ब्लॉक पूर्ण अचूक मिळतो, अंदाजाने भरलेला नाही.

साध्या कॉपीचा प्रॉब्लेम असा की ती पहिल्याच खराब जागी अडून बसते. मी लिनक्सवर ddrescue वापरलं, ते आधी सगळं सोपं उचलतं आणि अवघड जागा नंतरसाठी एका मॅप फाइलमध्ये नोंदवून ठेवतं.

```
ddrescue -n -b2048 /dev/sr0 lagna.iso lagna.map
eject -x 4 /dev/sr0
ddrescue -d -r3 -b2048 /dev/sr0 lagna.iso lagna.map
```

पहिल्या कमांडनंतर 60 एमबी राहिलं, त्यातला बराच भाग तसा चांगलाच होता, नुसता ओलांडून पुढे गेलेला. मधली ओळ ड्राइव्हचा वेग 4एक्स करते (काही ड्राइव्ह ऐकतात, काही नाही). तिसरी रात्रभर चालली आणि सकाळी 2.9 एमबी उरलं. मॅप फाइल उघडली तर असं दिसलं:

```
0x5A3C8000  0x00008000  -
0x5A3D0000  0x00010000  +
0x5A3E0000  0x00008000  -
```

वजा म्हणजे खराब, अधिक म्हणजे मिळालेलं, आणि 0x8000 म्हणजे बरोबर 32 केबी. एक ब्लॉक खराब, दोन चांगले, परत एक खराब. ही जागा डिस्कच्या केंद्रापासून साधारण 38 मिमीवर येते, तिथे एका फेरीत तीनच ब्लॉक बसतात, आणि ओरखडा दर फेरीला त्यातल्या एकालाच गाठत होता! आकड्यांमध्ये तो ओरखडा अक्षरशः दिसत होता. डिस्कच्या आतला, माहिती धरून ठेवणारा रंग उन्हाने उडाला असता तर अशी लय दिसली नसती, खराब जागा लांबच लांब सलग आल्या असत्या, आणि मग घासून काही होत नाही.

इथे ओरखडाच होता म्हणून डिस्क साबणाच्या पाण्याने धुतली, मऊ फडक्याने पांढरी टूथपेस्ट मधून बाहेर अशी दहा मिनिटं घासली, परत धुऊन वाळवली. खोल चर यातून भरत नाही, फक्त त्याच्या कडा गुळगुळीत होतात आणि प्रकाश कमी विखुरतो. मग मित्राचा जुना डेस्कटॉपचा ड्राइव्ह आणला आणि तीच .iso, तीच .map देऊन तिसरी कमांड परत चालवली, मॅप तीच असल्यामुळे त्याने फक्त राहिलेल्या जागांवरच जोर लावला. तासाभरात 11 ब्लॉक उरले, 352 केबी, ते मात्र कितीही वेळा चालवलं तरी हलेनात आणि मी तिथे थांबलो.

व्हिडिओमध्ये ती जागा मंगलाष्टकांच्या वेळची आहे, जवळजवळ दोन सेकंद चौकोन चौकोन दिसतात, आजीचा हात अक्षता घेऊन वर जातो आणि मोडतो, पण अक्षता पडताना परत स्वच्छ दिसतात.