दशवार्षिक लोकसंख्या वाढीचा दर आणि चक्रवाढ वार्षिक दर

एका जनगणनेपासून पुढच्या जनगणनेपर्यंत जिल्ह्याची लोकसंख्या मूळ आकड्याच्या शेकडा किती वाढली, हे सांगणाऱ्या प्रमाणाला दशवार्षिक वाढीचा दर म्हणतात. चक्रवाढ वार्षिक दर हाच बदल दरवर्षीच्या एकसमान टक्केवारीत मांडतो. दोन्ही दर त्याच दोन आकड्यांवरून काढले जातात. तरीही पहिल्याला दहाने भागून दुसरा मिळत नाही, आणि बहुतेक चुका नेमक्या याच भागाकारात होतात.

इंदूर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत २४,६५,८२७ होती आणि २०११ मध्ये ती ३२,७६,६९७ झाली. वजाबाकी केल्यास निव्वळ वाढ ८,१०,८७० येते. या वाढीला २००१ च्या लोकसंख्येने भागून शंभराने गुणले की ३२.८८ टक्के हा दशवार्षिक दर मिळतो. भाजक नेहमी आधीच्या जनगणनेचा आकडा असतो. नंतरच्या आकड्याने भागल्यास उत्तर २४.७५ टक्के येते आणि ते वाढीचा दर राहत नाही. जुन्या बातम्यांत व पुस्तिकांत याच दशकासाठी ३२.७१ टक्के असाही आकडा आढळतो, पण ती गणिताची चूक नव्हे. तो २०११ च्या तात्पुरत्या लोकसंख्येवरून, म्हणजे ३२,७२,३३५ वरून काढलेला आहे. अंतिम आकडे आल्यावर तो बदलला. त्यामुळे दर उद्धृत करताना तो तात्पुरत्या आकड्यांवरचा आहे की अंतिम, हे सांगणे गरजेचे ठरते.

आता ३२.८८ ला दहाने भागले तर वर्षाला ३.२९ टक्के येतात. हे सरळव्याजाचे गणित झाले: दरवर्षीची वाढ २००१ च्याच मुद्दलावर मोजली, असे त्यात गृहीत धरलेले असते. लोकसंख्या मात्र व्याजावर व्याज चढावे तशी वाढते, कारण २००५ साली होणारे जन्म २००१ च्या नव्हे, तर २००५ च्या लोकसंख्येत होतात. म्हणून चक्रवाढ पद्धतीत दोन्ही लोकसंख्यांचे गुणोत्तर घेऊन त्याचे दहावे मूळ काढतात आणि त्यातून एक वजा करतात. इंदूरचे गुणोत्तर १.३२८८ आहे. लॉगटेबलच्या सवयीच्या वाचकाला हे दोन ओळींत करता येते: १.३२८८ चा लॉग सुमारे ०.१२३५, त्याचा दहावा भाग ०.०१२३५ आणि त्याचा अँटिलॉग १.०२८८. म्हणजे वार्षिक दर २.८८ टक्के. स्प्रेडशीटमध्ये तेच गणित एका ओळीत होते:

```
=(3276697/2465827)^(1/10)-1
```

दहावे मूळ काढण्याऐवजी पूर्ण गुणोत्तराला दहाने भागले तर उत्तर निरर्थक येते आणि चूक लगेच लक्षात येते. ३.२९ हा आकडा मात्र पटण्यासारखा दिसतो, म्हणून तो अधिक फसवा आहे. पडताळणी सोपी आहे: काढलेला दर सुरुवातीच्या लोकसंख्येला दहा वर्षे चक्रवाढीने लावून पाहावा. २.८८ टक्क्यांनी आपण पुन्हा ३२.७७ लाखांच्या आसपास पोचतो, तर ३.२९ टक्क्यांनी ३४.०८ लाखांवर जातो, म्हणजे प्रत्यक्षापेक्षा सुमारे १.३१ लाख माणसे जास्त होतात. दशवार्षिक दर जितका मोठा, तितकी ही तफावत वाढते. दशकात पाच-सहा टक्केच वाढणाऱ्या जिल्ह्यात ती जवळजवळ दिसत नाही, आणि त्यामुळेच चुकीची सवय अनेकांच्या हातून सुटत नाही.

हा फरक दशकाच्या मधल्या वर्षाचा अंदाज काढतानाही दिसतो. १ मार्च २००६ ची इंदूर जिल्ह्याची लोकसंख्या सरळ रेषेने काढल्यास दोन्ही आकड्यांची सरासरी, म्हणजे सुमारे २८.७१ लाख येते. चक्रवाढीने काढल्यास दोन्ही आकड्यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ घ्यावे लागते आणि उत्तर सुमारे २८.४२ लाख येते. यातले कोणतेच मोजलेले नाही. दशकाच्या दोन टोकांमध्ये लोकसंख्येने कोणती वाट धरली, याविषयीची ती दोन वेगवेगळी गृहीतके आहेत. एखाद्या वर्षी रोजगारासाठी माणसांचा मोठा लोंढा आला असेल, तर दोन्ही दर ते लपवतात. जागेच्या बाबतीतही तेच होते: शहराचा आणि सांवेर-देपालपूरच्या गावांचा वेग वेगळा असला तरी जिल्ह्याचा दर सगळ्यांना एकाच आकड्यात कोंबतो.

दर घसरला म्हणजे वाढ घटली, हा समजही तपासून घ्यावा. १९९१ मध्ये इंदूर जिल्ह्यात १८,३५,९१५ लोक होते. १९९१ ते २००१ या दशकाचा दर ३४.३१ टक्के, तर त्यानंतरच्या दशकाचा ३२.८८. तरी भर पडलेली माणसे ६.३० लाखांवरून ८.११ लाखांवर गेली, कारण दुसऱ्या दशकातला भाजकच मोठा होता. दोन्ही दर जोडून वीस वर्षांची वाढ ६७ टक्के म्हणणेही चूकच. टोकाच्या आकड्यांवरून ती ७८.४८ टक्के निघते.

दशवार्षिक दराचे सारे सोयीस्करपण दोन जनगणनांमध्ये बरोबर दहा वर्षांचे अंतर असण्यावर उभे आहे. १९७१ च्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्चऐवजी १ एप्रिल होती, त्यामुळे तिच्या अलीकडचे व पलीकडचे दशक महिन्याच्या फरकाने लांब-आखूड झाले. तो फरक किरकोळ होता. २०२१ ची जनगणना मात्र झालीच नाही आणि पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख देशाच्या बहुतेक भागासाठी १ मार्च २०२७ ठरली आहे. २०११ शी तुलना केली तर हे अंतर सोळा वर्षांचे होते आणि त्यातून सरळ निघणारा दर दशवार्षिक राहत नाही. समजा, एखाद्या जिल्ह्याची लोकसंख्या या सोळा वर्षांत ५० टक्क्यांनी वाढली. त्रैराशिकाने दहा वर्षांचा वाटा ३१.२५ टक्के येईल, पण तोही सरळव्याजाचाच हिशेब. योग्य मार्ग असा: १.५ चे सोळावे मूळ काढावे, त्यातून वर्षाला २.५७ टक्के मिळतात, आणि हा दर दहा वर्षे चक्रवाढीने लावावा. तेव्हा दहा वर्षांची तुल्य वाढ २८.८ टक्के ठरते आणि तिचीच तुलना इंदूरच्या ३२.८८ शी होऊ शकते.

दोन्ही सूत्रांना आणखी एक अट लागू आहे: दोन्ही आकडे एकाच हद्दीचे असावेत. वडोदरा जिल्ह्याची लोकसंख्या २०११ मध्ये ४१,६५,६२६ होती आणि २००१ च्या ३६,४१,८०२ वरून तिचा दर १४.३८ टक्के निघतो. २०१३ मध्ये त्या जिल्ह्यातून छोटा उदेपूर हा वेगळा जिल्हा झाला. म्हणून २०२७ च्या वडोदरा जिल्ह्याची तुलना ४१.६५ लाखांशी केल्यास दर अवाजवी कमी किंवा चक्क उणे निघू शकतो. अशा वेळी आज जिल्ह्यात असलेल्या भागांचे २०११ चे आकडे तालुकावार, आणि जिथे तालुक्यांचीच फोड झाली असेल तिथे गाववार, बेरीज करून नवा भाजक तयार करावा लागतो. जनगणनेच्या दशकवार बदलाच्या तक्त्यांत जुन्या वर्षांचे आकडे अशाच रीतीने नव्या हद्दीशी जुळवून दिलेले असतात, आणि म्हणूनच जुन्या अहवालातला आकडा व नव्या तक्त्यातला त्याच वर्षाचा आकडा पुष्कळदा वेगळे असतात.