आरटीजीएसला दोन लाखांची अट का, आणि एनईएफटी अर्धा तास कशाला थांबतं

22 फेब्रुवारी 2019, शुक्रवार. मामाचा सिंहगड रोडला रीसेलचा फ्लॅट घ्यायचा चालला होता आणि हवेलीच्या सब-रजिस्ट्रार ऑफिसात आमचा नंबर लागायला पावणेपाच वाजले, सर्व्हर डाऊन, मग साक्षीदाराचा अंगठा उमटेना, नेहमीचंच सगळं. आधी ठरलं होतं की साडेअठरा लाख रजिस्ट्रेशनच्या दिवशीच विकणाऱ्या काकांच्या खात्यात टाकायचे. मामा नेट बँकिंग उघडून बसला आणि आरटीजीएसचा ऑप्शनच चालेना. ग्राहकांसाठी तेव्हा आरटीजीएस दुपारी साडेचारला बंद व्हायचं. दुसऱ्या दिवशी चौथा शनिवार म्हणजे बँकेला सुट्टी, मग रविवार. काका म्हणाले, "अहो, मग काय सोमवारपर्यंत मी नुसता कागद बघत बसू का?"

मी एका कारखान्याच्या अकाउंट्समध्ये आहे, पेमेंट सोडायचं रोजचं काम, त्यामुळे म्हटलं मामा, एनईएफटी कर, ते साडेसहापर्यंत चालू आहे. मामा म्हणाला, "एवढी मोठी रक्कम एनईएफटीनं जाते होय?" हा समज पुण्यात मी इतक्या जणांकडून ऐकलाय की विचारू नका, की एनईएफटी म्हणजे दोन लाखांच्या आतलं आणि आरटीजीएस म्हणजे त्याच्या वरचं. यातलं अर्धंच खरं आहे. आरटीजीएसला खालची मर्यादा आहे, दोन लाख. पण एनईएफटीला रिझर्व्ह बँकेनं वरची मर्यादा घातलेलीच नाहीये, खालचीही नाही, एक रुपया पाठवा नाहीतर एक कोटी. (खातं नसताना काउंटरवर रोख भरून एनईएफटी करायचं असेल तरच 50,000 ची मर्यादा.) हे असं एकीकडे उंबरठा आणि दुसरीकडे मोकळं का, ते कळायला जरा मागं जावं लागतं.

गोष्ट सुरू होते जर्मनीत. 26 जून 1974 ला कोलोन शहरातली हर्स्टाट नावाची बँक तिथल्या सरकारी यंत्रणेनं दिवसाच्या शेवटी बंद केली. ज्या बँकांनी तिच्याशी चलनाचे सौदे केले होते त्यांनी आपल्या बाजूचे मार्क देऊन टाकले होते, बदल्यात डॉलर न्यूयॉर्कमध्ये मिळायचे होते, पण तिथं तेव्हा जेमतेम सकाळ होती, आणि डॉलर आलेच नाहीत. एकानं दिलं, दुसऱ्यानं द्यायच्या आत दुसरा बुडाला. हिशोब नंतर करू म्हटलं की मधल्या वेळात काय होऊ शकतं ते जगाला तेव्हा कळलं, आणि मोठ्या रकमांचा हिशोब जागच्या जागी, एकेक करून मिटवायचा हा विचार पुढे पक्का होत गेला. आरटीजीएसच्या नावात तेच आहे, रिअल टाइम म्हणजे लगेच आणि ग्रॉस म्हणजे वजावट न करता पूर्ण रक्कम.

आपल्याकडे आरटीजीएस आलं 26 मार्च 2004 ला. त्याआधी परगावी पैसे पाठवायचे म्हणजे डीडी, किंवा परगावचा चेक, जो वटायला आठवडा सहज जायचा. इलेक्ट्रॉनिक फंड ट्रान्सफर नावाचा प्रकार रिझर्व्ह बँकेनं नव्वदच्या दशकातच आणला होता पण तो ठराविक शहरांपुरताच, त्याच्याच जागी नोव्हेंबर 2005 मध्ये देशभर चालणारं एनईएफटी आलं. म्हणजे गंमत अशी की हळू चालणारी सोय वेगवान सोयीच्या नंतर आलीये. आरटीजीएस मुळात बँकाबँकांच्या मोठ्या व्यवहारांसाठी होतं आणि एनईएफटी तुमच्याआमच्यासाठी.

आता दोन्हीत नेमका फरक कुठं आहे बघा. समजा लक्ष्मी रोडच्या एका बँकेच्या ग्राहकांनी अर्ध्या तासात औंधच्या एका बँकेतल्या लोकांना मिळून 40 कोटी पाठवले, आणि त्याच अर्ध्या तासात औंधकडून लक्ष्मी रोडला 37 कोटी आले. एनईएफटीमध्ये हे सगळे व्यवहार एका बॅचमध्ये गोळा होतात, देणं-घेणं वजा होतं आणि रिझर्व्ह बँकेतल्या खात्यांमधून फक्त 3 कोटी इकडून तिकडे सरकतात. हजारो व्यवहार आणि प्रत्यक्षात हलले तीन कोटी. (खऱ्या बॅचमध्ये दोन नाही, सगळ्याच बँका असतात, पण तत्त्व तेच.) आरटीजीएसमध्ये वजावट नाही. प्रत्येक व्यवहाराला त्या क्षणी पाठवणाऱ्या बँकेच्या रिझर्व्ह बँकेतल्या खात्यात तेवढे पैसे असलेच पाहिजेत, नसतील तर व्यवहार रांगेत उभा राहतो, आणि ही अडचण येऊ नये म्हणून बँका सरकारी रोखे गहाण ठेवून रिझर्व्ह बँकेकडून दिवसापुरती उचल घेतात.

म्हणजे आरटीजीएस बँकेला महाग पडतं, पैशानं नाही म्हणत मी, अडकून पडणाऱ्या रकमेनं. मग ज्या रस्त्यावर शेकडो कोटींचे सौदे चालतात त्यावर लोकांनी पाच पाच हजारांचे व्यवहार घातले तर कसं चालेल, म्हणून 1 जानेवारी 2007 पासून ग्राहकांच्या आरटीजीएसला किमान एक लाखाची अट आली, आणि 15 नोव्हेंबर 2010 ला ती दोन लाख झाली. तीच आजपर्यंत आहे. एनईएफटीला अशी अट लावायचं कारणच नाही, वजावटीत छोटी मोठी सगळी रक्कम विरघळून जाते. आणि अर्धा तासही त्यामुळेच लागतो, वजावट करायला आधी काहीतरी गोळा तर व्हायला पाहिजे ना. 10 जुलै 2017 च्या आधी तर बॅच तासाला एक असायची, तेव्हापासून अर्ध्या तासाला झाली, सकाळी आठ ते संध्याकाळी सात, दिवसाला 23.

तर त्या शुक्रवारी मामानं 5 वाजून 12 मिनिटांनी एनईएफटी करायला घेतलं, साडेअठरा लाख टाकले आणि स्क्रीनवर आलं, लिमिट ओलांडली. मला तोंडावर पडल्यासारखं झालं. पण ही रिझर्व्ह बँकेची लिमिट नव्हती, त्याच्या बँकेनं नेट बँकिंगला दिवसाला दहा लाखांचं स्वतःचं कुंपण घातलेलं होतं, फ्रॉडच्या भीतीनं प्रत्येक बँक असं काहीतरी घालते आणि प्रत्येकीचा आकडा वेगळा. शाखेत जाऊन फॉर्म भरला असता तर पूर्ण रक्कम गेली असती, पण सव्वापाचला शाखेचं काउंटर कुठलं उघडं. शेवटी दहा लाख गेले, साडेपाचची बॅच मिळाली. नियम असा की बॅच झाल्यापासून दोन तासांत समोरच्या बँकेनं पैसे जमा करायचे, नाहीतर परत पाठवायचे, म्हणजे आमची मुदत साडेसात. आम्ही बाहेर टपरीवर चहा घेत बसलो आणि साडेसहाच्या आसपास काकांच्या फोनवर मेसेज आला. उरलेले साडेआठ लाख सोमवारी सकाळी आरटीजीएसनं. त्याला नियम अर्ध्या तासाचा आहे, पैसे समोरच्या बँकेकडे पोचले की तीस मिनिटांत खात्यात पडले पाहिजेत, एरवी त्याच्या बऱ्याच आधी पडतात.

आणि उशीर केला तर? बँकेनं रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना उधार देते तो, अधिक दोन टक्के व्याज द्यायचं, तेही ग्राहकानं न मागता. त्या महिन्यात रेपो 6.25 होता, म्हणजे सव्वाआठ टक्क्यांनी दहा लाखांचं एका दिवसाचं व्याज साधारण 226 रुपये. फार नाही, पण हे मिळतं हेच बहुतेकांना माहीत नसतं.

पुण्यात अजून एक गोष्ट होते, इथं सहकारी बँका भरपूर. त्यातल्या बऱ्याच छोट्या बँका या यंत्रणेत थेट सभासद नसतात, एखाद्या मोठ्या बँकेच्या मार्फत आत येतात. मग पैसे आधी त्या मोठ्या बँकेकडे आणि तिथून छोट्या बँकेकडे. आरटीजीएस "झालं" दिसतंय पण समोरचा म्हणतोय आलं नाही, असं झालं तर हा मधला टप्पा अडकलाय का ते विचारायचं. विचारताना हातात यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख नंबर, ठेवा. आरटीजीएसचा 22 अक्षरांचा असतो आणि एनईएफटीचा 16, त्यामुळे पाठवणाऱ्यानं आरटीजीएस केलंय म्हणून सांगितलं आणि नंबर 16 चा निघाला तर समजायचं की साहेबांनी एनईएफटी केलंय. सप्लायर लोकांशी बोलताना मला हे जाम उपयोगी पडलंय.

आमच्या त्या शुक्रवारनंतर सगळं भराभर बदललं. 1 जून 2019 पासून आरटीजीएस संध्याकाळी सहापर्यंत झालं, म्हणजे तीन महिने थांबलो असतो तर काही धावपळच नव्हती. 1 जुलै 2019 ला रिझर्व्ह बँकेनं बँकांकडून घ्यायचे आपले चार्जेस काढले. 16 डिसेंबर 2019 पासून एनईएफटी चोवीस तास, दिवसाला 48 बॅच, रविवार असो की गणपती. जानेवारी 2020 पासून सेव्हिंग खात्यावरून ऑनलाइन एनईएफटी फुकट. आणि 14 डिसेंबर 2020 ला रात्री साडेबारापासून आरटीजीएससुद्धा चोवीस तास. शाखेतून केलं तर मात्र दोन्हीला चार्ज लागू शकतो, आरटीजीएसला पाच लाखांपर्यंत जास्तीत जास्त 24 रुपये 50 पैसे, त्यावर 49.50, वर जीएसटी.

एक भोक मात्र बरीच वर्षं तसंच राहिलं. दोन्हीमध्ये पैसे जमा व्हायचे ते फक्त खाते नंबर बघून, नाव तुम्ही काहीही टाका, कुणी जुळवून बघायचं नाही. एक आकडा चुकला आणि तो नंबर खरंच कुणाचा तरी असला की पैसे गेले त्याच्याकडे, मग त्याची संमती मिळवा, अर्ज करा, वाट बघा. आरटीजीएसला तर हे जास्तच बोचतं, कारण एकदा हिशोब मिटला की तो फिरवता येत नाही. शेवटी 1 एप्रिल 2025 पर्यंत सगळ्या बँकांनी पैसे पाठवायच्या आधी समोरच्याचं नाव दाखवायची सोय द्यायची असं रिझर्व्ह बँकेनं सांगितलं.

मामाचा त्याच्यावर अजून विश्वास नाही. गेल्या दिवाळीनंतर गावाकडच्या जमिनीचे सात लाख द्यायचे होते, तर त्यानं आधी एक रुपया एनईएफटी केला, समोरच्याला फोन करून "आला का रे रुपया" विचारलं, आणि तो हो म्हणाल्यावर आरटीजीएस केलं. मी म्हटलं रुपया पण आरटीजीएसनंच टाकायचास की. तर म्हणाला, "मला येडा समजतोस का, त्याला दोन लाखांचा रुपया लागतो."