आधारवरचा ‘सी/ओ’ आणि पत्त्यात अडकलेलं नातं

‘एस/ओ’ म्हणजे सन ऑफ, ‘डी/ओ’ डॉटर ऑफ, ‘डब्ल्यू/ओ’ वाइफ ऑफ, ‘सी/ओ’ केअर ऑफ. एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. वाद पुढे सुरू होतो. आधी आधारवर ‘डब्ल्यू/ओ’ होतं, पत्ता बदलून घेतला आणि नवीन प्रतीवर ‘सी/ओ’ आलं, म्हणजे आता मी नवऱ्याची बायको नाही का? हा प्रश्न गमतीत विचारला जातो, पण बँकेच्या काउंटरवर तो पुरेसा गंभीर होतो. त्याची पाळंमुळं जुनी आहेत, गोंधळ मात्र अगदी अलीकडचा.

आपल्याकडे नावाला नातं जोडायची सवय इंग्रजीच्या आधीची आहे. मोडीतली जुनी कागदपत्रं किंवा जुन्या फेरफार नोंदी काढल्या की ‘बिन’ आणि ‘वल्द’ भेटतात; दोन्हींचा अर्थ अमक्याचा मुलगा. बाईच्या नावापुढे ‘कोम’ किंवा ‘जोजे’ येतं, म्हणजे अमक्याची बायको. (‘कोम’ दिसलं की काही जण ती विधवा असल्याचं गृहीत धरतात. नवरा हयात होता की मयत, हे त्या एका शब्दावर ठरवू नये.) सातबाऱ्यावरच्या ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता आणि ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर या नोंदीही त्याच घराण्यातल्या. जमिनीच्या कागदात या शब्दांना वजन होतं, कारण हक्क कुणाकडून कुणाकडे आला हे त्यांच्यावरून कळायचं. तिथे नातं हाच मजकूर होता.

तीच सवय मतदार याद्यांत आली तेव्हा उलटी फिरली. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या याद्या करताना अनेक बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढंच. नुसत्या नात्यावर मतदार नोंदवायचा नाही असं ठरलं आणि सुमारे ८ कोटी महिला मतदारांपैकी जवळपास २८ लाख नावं यादीबाहेर राहिली. नातं हे नावाची जागा घेऊ शकत नाही, हा निर्णय तेव्हाच झाला होता. पुढच्या कागदांवर मात्र ते नावाच्या शेजारी तसंच बसून राहिलं.

खरं तर मराठी नावाला ‘एस/ओ’ची गरजच नाही. स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव या तिहेरी पद्धतीत नातं मधल्या नावातच असतं. ‘सुनंदा गणपत पाटील, डी/ओ गणपत पाटील’ असं लिहिणं म्हणजे एकच गोष्ट दोनदा सांगणं. जिथे नावाआधी फक्त आद्याक्षर लावतात किंवा आडनावच नसतं, तिथे ही जोड खरोखर उपयोगी पडते. पण देशभराचा अर्ज एकच असल्यामुळे तो रकाना आपल्याकडेही आला.

आणि आधारवर तो नेमका कुठे आला, यातच गोम आहे.

आधारची सुरुवात २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात झाली. सुरुवातीच्या वर्षांतला नोंदणी अर्ज कुणी जपून ठेवला असेल तर काढून बघावा. वर नाव, लिंग, जन्मतारीख. त्याखाली पत्त्याचा भाग, आणि त्याच्या पहिल्याच ओळीत सी/ओ, डी/ओ, एस/ओ, डब्ल्यू/ओ आणि एच/ओ म्हणजे हजबंड ऑफ असे पर्याय, खूण करायला. घर क्रमांक, रस्ता, जवळची खूण हे सगळं त्यानंतर. आई, वडील, पालक किंवा जोडीदाराच्या तपशिलाचा वेगळा भागही होता. लहान मुलांसाठी तो आवश्यक, प्रौढांना मात्र माहिती न देण्याची मुभा. म्हणजे कार्डावर छापलेलं ‘डब्ल्यू/ओ महेश जाधव’ पहिल्यापासून पत्त्याचाच तुकडा होतं. पोस्टमननं पाकीट कुणाच्या दारात टाकायचं, एवढंच ते सांगत होतं.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी आधारची माहिती डाउनलोड करून मिळते ती ऑफलाइन ईकेवायसीची फाइल उघडून बघावी. तिच्यात ओळखीची माहिती एका खणात आणि पत्त्याची दुसऱ्या खणात असते. बाकीचे रकाने गाळले तर रचना अशी:

```
<Poi name="..." dob="..." gender="..." />
<Poa careof="..." house="..." street="..." dist="..." pc="..." />
```

`Poi` म्हणजे ओळख, `Poa` म्हणजे पत्ता. `careof` पत्त्याच्या खणात आहे, पिन कोडच्या पंगतीला. ओळखीच्या खणात ना वडील, ना नवरा. पॅन आणि आधार जोडतानाही नाव, जन्मतारीख आणि लिंग एवढंच जुळवलं जातं. ‘सी/ओ’पुढे कुणाचं नाव आहे याला तिथे कुणी विचारत नाही. जोडणी फसली की लोक आधी वडिलांच्या नावातलं स्पेलिंग तपासत बसतात, आणि चूक असते स्वतःच्या नावात किंवा जन्मतारखेत.

आता तो वादग्रस्त बदल. २०२१ च्या सुमारास पत्ता दुरुस्त करून घेणाऱ्यांच्या लक्षात आलं की नवीन प्रतीवर ‘एस/ओ’, ‘डब्ल्यू/ओ’ जाऊन सरसकट ‘सी/ओ’ येतंय. बातम्या झाल्या, आणि कारण म्हणून खासगीपणा आणि आधारवरच्या २०१८ च्या न्यायालयीन निकालाकडे बोट दाखवलं गेलं. मला हे कारण कधी पुरतं पटलं नाही. त्या निकालाचा गाभा वेगळा होता: कायदा टिकतो का, आधार कुणाला सक्तीनं मागता येतं, माहिती किती काळ ठेवता येते. पत्त्याच्या पहिल्या ओळीतलं एक अक्षर हा त्याचा विषय नव्हता. आजची अधिकृत भूमिका सरळ आहे: नात्याचा तपशील हा पत्त्याचा भाग आहे, तो ‘सी/ओ’ असा एकसारखा केला आहे, आणि भरायचा की नाही हे ऐच्छिक आहे. हेच पहिल्या दिवशी ठळक सांगितलं असतं तर निम्मा गोंधळ झाला नसता. बदल माझ्या मते योग्य, कळवण्याची पद्धत ढिसाळ.

योग्य अशासाठी की ‘डब्ल्यू/ओ’ छापलं होतं तेव्हा लोक त्याला लग्नाचा पुरावा मानत होते, आणि तो तसा कधीच नव्हता. नोंदणी करणारा नातं पडताळत नव्हता, पत्ता पडताळत होता.

एक उदाहरण घेऊ, नावं काल्पनिक. सुनंदा गणपत पाटीलनं २०१२ मध्ये आधार काढलं, त्यावर ‘डी/ओ गणपत पाटील’. लग्नानंतर नाव झालं सुनंदा महेश जाधव. २०२२ मध्ये नाव आणि पत्ता दोन्ही बदलले. आता ‘सी/ओ महेश जाधव’. पुढे वडील वारले. त्यांच्या ठेवीवर नामनिर्देशन नव्हतं, म्हणून वारस म्हणून अर्ज केला. काउंटरवरचा माणूस म्हणतो, आधारवर वडिलांचं नाव आणून द्या. ती केंद्रावर जाते. तिथे ‘डी/ओ’चा पर्यायच नाही. फार तर ‘सी/ओ गणपत पाटील’ होईल, पण मग घर नवऱ्याचं आणि केअर ऑफ वारलेले वडील, असा विचित्र पत्ता तयार होतो. त्यातून नातं तरीही सिद्ध होत नाही.

तिला लागते ती साखळी. शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला सुनंदाला गणपत पाटलांशी जोडतो. लग्नाचा दाखला किंवा नावबदलाचं राजपत्र सुनंदा पाटीलला सुनंदा जाधवशी जोडतं. आधार फक्त शेवटचं टोक: ही बाई आज या नावाची आहे आणि इथे राहते. मधला दुवा नसेल तर आधारची कितीही दुरुस्ती करून उपयोग नाही.

या सगळ्यात पॅन कार्ड कामाला येतं, कारण तिथली गोष्ट उलटी आहे. पॅन म्हणजे पर्मनंट अकाउंट नंबर. ‘पर्मनंट’ हा शब्द उगाच नाही. त्याआधी जी.आय.आर. म्हणजे जनरल इंडेक्स रजिस्टर क्रमांक असायचा आणि तो कर आकारणाऱ्या अधिकाऱ्याच्या वॉर्डाशी बांधलेला होता. वॉर्ड बदलला की क्रमांक बदलायचा. १९७० च्या दशकात कायमच्या क्रमांकाची तरतूद आली, आणि सध्याची दहा अक्षरी मालिका १९९५ ची.

पॅनवर ‘ऑफ’वालं काहीच नाही, वडिलांचं नाव सरळ स्वतंत्र ओळीत छापलेलं असतं. अर्जातली सूचना स्पष्ट होती: विवाहित स्त्रीनंही वडिलांचंच नाव द्यायचं, नवऱ्याचं नाही. म्हणून सुनंदा महेश जाधवच्या पॅनवर खाली गणपत पाटील दिसतात आणि लोक ती चूक समजून दुरुस्तीला धावतात. ती चूक नसते. शिवाय व्यक्तीच्या पॅनमध्ये चौथं अक्षर ‘पी’ म्हणजे पर्सन, आणि पाचवं आडनावाचं आद्याक्षर. सुनंदानं लग्नाआधी पॅन काढलं असेल तर पाचवं अक्षरही पाटीलचं ‘पी’. लग्नानंतर कार्डावरचं नाव बदलेल, पण क्रमांक कायमचा असल्यामुळे ते अक्षर ‘जे’ होणार नाही. माहेरचं आडनाव त्या एका अक्षरात राहतं.

वडिलांच्या नावाची ही सक्ती सैल झाली ५ डिसेंबर २०१८ पासून. आई एकल पालक असेल तर फक्त आईचं नाव देता येऊ लागलं. पासपोर्टच्या नियमांत त्याआधीच, डिसेंबर २०१६ मध्ये, आई-वडिलांपैकी एकाचं नाव पुरेसं झालं होतं.

महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून आणखी एक भर पडली. त्या दिवशी किंवा नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी नोंदींत नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा चौपदरी क्रम. हेतूबद्दल तक्रार नाही. अडचण रकान्यांची आहे: पॅनच्या नेहमीच्या अर्जात आडनाव, पहिलं नाव आणि मधलं नाव अशा तीनच जागा. आई आणि वडील दोघांना मधल्या चौकटीत बसवायचं, तर ते प्रत्येक कागदावर त्याच क्रमानं बसवावं लागेल. जन्मदाखल्यावर ‘आरव सुनंदा महेश जाधव’ आणि आधारवर ‘आरव महेश जाधव’ असं झालं, तर पुढे जुळणी अडेल ती ओळखीच्या खणातच, जिथे ‘सी/ओ’ काही मदत करू शकत नाही.