सोडा ओतला की तोच ढवळतो

जपानी बारमध्ये हायबॉल, म्हणजे बर्फावरची व्हिस्की आणि सोडा, बनताना पाहिला, तर सगळ्यात आधी लक्ष जातं ते चमच्याकडे. पिळदार दांड्याचा लांब चमचा ग्लासच्या कडेने तळापर्यंत जातो, बर्फाचा खडा एकदाच किंचित उचलून अलगद खाली सोडतो आणि बाहेर येतो. संपलं. आपल्याकडे पेग ढवळताना ग्लासात जो किणकिणाट चालतो, त्यातलं इथे काहीच नाही. मग एवढ्यात व्हिस्की आणि सोडा एकजीव कसे झाले?

झाले, कारण ते काम चमच्याकडे नव्हतंच. एक लिटर सोडा भरतो साधारण किलोभर. 40 टक्के अल्कोहोल असलेली व्हिस्की लिटरला 950 ग्रॅमच्या आसपास. म्हणजे व्हिस्की हलकी. ती तळाशी असताना वरून सोडा ओतला, की जड सोडा खाली बुडी मारतो आणि हलकी व्हिस्की त्याला वाट देत वर सरकते. ग्लास उजेडासमोर धरून पाहा. साखरेचा पाक पाण्यात सोडल्यावर दिसतात तशा नागमोडी रेषा वर-खाली फिरताना दिसतील. थोड्या वेळात त्या विरतात. उरलीसुरली व्हिस्की बर्फाखाली अडकून बसलेली असते, तिला सोडवायला ती एक चमचाभर हालचाल पुरते. उलट क्रमाने केलं, म्हणजे सोड्यावर हलक्या हाताने व्हिस्की ओतली, तर ती दुधावरच्या सायीसारखी वरच थांबते. पहिला घोट जळजळीत, शेवटचा नुसता सोडा. मग ढवळणं आलं, आणि ढवळणं आलं की गॅस गेला.

गॅस का जातो, हे समजायला बाटलीकडे वळावं लागेल. पाण्यात कार्बन डायऑक्साइड किती मावतो हे दोन गोष्टींवर ठरतं: वरचा दाब आणि तापमान. गोटी सोड्याची गोटी आतल्या दाबानेच तर तोंडाशी चिकटून बसलेली असते. (जपानी मुलं रामुने नावाचं गोड पेय ह्याच गोटीच्या बाटलीतून पितात.) झाकण उघडलं की दाब उतरतो आणि सोड्यात त्याला पेलवणार नाही इतका गॅस उरतो. शून्य अंशाला, वर निव्वळ हाच गॅस हवेइतक्या दाबाने असेल, तर लिटरभर पाण्यात तो सुमारे 1.7 लिटर विरघळतो. 30 अंशाला जेमतेम 0.65 लिटर. कोमट सोडा उघडल्या उघडल्या फसफसून वर येतो तो म्हणूनच.

तरीही सगळा गॅस एकदम उडून जात नाही, कारण बुडबुड्याला जन्म घ्यायला जागा लागते. नितळ पाण्याच्या मध्यात तो सहसा तयार होतच नाही. काचेवरचा ओरखडा, पुसण्याच्या कापडाचा राहिलेला धागा, बर्फावरचं पांढरं भुरभुरं दव, अशा ठिकाणी हवेचा सूक्ष्म कण अडकलेला असतो आणि गॅस तिथे गोळा होऊ लागतो. ग्लासच्या एकाच ठिपक्यातून बुडबुड्यांची माळ अखंड वर जाताना दिसली, तर तिथे बहुधा धागा आहे असं समजा. जोरात ढवळलं, की द्रवात हवा कोंडली जाते आणि अशा असंख्य नव्या जागा तयार होतात.

आता हिशेब करू. मे महिन्यातली पुण्यातली संध्याकाळ, घरात 30 अंश. ओट्यावरचा 300 ग्रॅमचा जाड ग्लास, कपाटातली 45 मिली व्हिस्की आणि दुकानाच्या खोक्यातून आणलेला 135 मिली सोडा, म्हणजे एकास तीन. फ्रीजरमधून काढलेला उणे 18 अंशाचा 200 ग्रॅम बर्फ त्यात टाकला. हे सगळं शून्याला आणायचं तर ग्लासकडून सुमारे 7,600 जूल उष्णता काढावी लागते, व्हिस्कीकडून 5,400 आणि सोड्याकडून 17,000. एकूण 30,000. बर्फ उणे 18 वरून शून्यावर येताना त्यातले 7,600 पचवतो. उरलेल्या 22,400 जूलसाठी त्याला वितळावंच लागतं. एक ग्रॅम बर्फ वितळताना 334 जूल खातो, म्हणजे 67 ग्रॅम पाणी झालं. 180 मिलीचं पेय जवळजवळ 250 मिलीवर गेलं आणि 10 टक्के अल्कोहोल 7 टक्क्यांच्या थोडं वर येऊन थांबलं. तुम्ही मोजून घातलेलं एकास तीन प्रत्यक्षात एकास साडेचार झालं, आणि त्या जादाच्या पाण्यात गॅस मुळीच नाही.

ह्या आकड्यांत मला सगळ्यात गमतीचा वाटतो तो ग्लास. रिकाम्या काचेत व्हिस्कीपेक्षा जास्त उष्णता दडलेली असते, आणि आपण मात्र बाटली थंड करत बसतो. तोच ग्लास अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवला, व्हिस्कीही तिथेच ठेवली (उणे 18 ला ती गोठत नाही, फक्त जराशी दाट होते) आणि सोडा 4 अंशाचा घेतला, तर काढायची उष्णता उरते साधारण 2,300 जूल. तेवढी बर्फ न वितळता, नुसत्या आपल्या गारव्यावर भागवतो.

मात्र ओला ग्लास फ्रीजरमध्ये ठेवू नका. आतून दवाचा खरबरीत थर जमतो आणि सोडा ओतताच फेस उसळतो. बर्फाचंही तेच. ताजा काढलेला खडा पांढुरका आणि कोरडा असतो. तो दोन मिनिटं बाहेर ठेवा, किंवा ग्लासात घालून फिरवा आणि सुटलेलं पाणी फेकून द्या. खडा काचेसारखा ओला, चकचकीत झाला की त्यावर बुडबुड्यांना धरायला जागा राहत नाही. मग व्हिस्की, आणि हे ढवळणं मात्र मनसोक्त, कारण अजून त्यात गॅस नाही. शेवटी ग्लास तिरका धरून सोडा बर्फावर न पडता काचेच्या कडेने उतरवायचा. शॅम्पेनवर झालेल्या फ्रेंच प्रयोगांतही असंच दिसलं: ग्लास तिरका धरून, बिअरसारखी ओतलेली शॅम्पेन गॅस जास्त राखते, आणि जितकी थंड तितका जास्त.

प्रमाणाबद्दल जपानमध्येही एकमत नाही. एकास चार घेतलं तर अल्कोहोल 8 टक्क्यांवर येतं आणि पेय जेवणाबरोबर चालतं. तळलेल्या चिकनबरोबर ते असंच घेतात. एकास तीनमध्ये व्हिस्कीचा स्वाद पुढे येतो. आपल्याकडच्या बहुतेक बाटल्या 42.8 टक्क्यांच्या असतात, तेव्हा मी साडेतीनला थांबतो.

जिभेला जी चरचर जाणवते ती बुडबुड्यांची टोचणी नव्हे. तोंडातलं एक विकर विरघळलेल्या गॅसचं झटपट आम्लात रूपांतर करतं, आणि झोंबतं ते आम्ल. हिमालयात ट्रेकला जाताना उंचीच्या त्रासावर डायमॉक्स घेतलेल्यांना कोल्ड्रिंक एकदम मिळमिळीत लागतं, कारण ती गोळी नेमकं हेच विकर दाबते. म्हणून ग्लासात किती बुडबुडे नाचताहेत यावर जाऊ नका. नाचणारा प्रत्येक बुडबुडा हा बाहेर पडलेला गॅस आहे.

कोबेमध्ये 1918 साली सुरू झालेल्या सांबोआ ह्या बारच्या घराण्याने ही गोष्ट टोकाला नेली. त्यांच्या हायबॉलमध्ये बर्फच नसतो. थंडगार ग्लासात 60 मिली थंडगार व्हिस्की, त्यावर 190 मिलीची सोड्याची छोटी बाटली एका दमात पूर्ण रिकामी, वर लिंबाच्या सालीचा पिळा. रस नाही, कारण गराचे कण पुन्हा बुडबुड्यांना जागा देतात. बर्फ नाही म्हणून पाणी सुटत नाही आणि खरबरीत पृष्ठभागही नाही. ढवळायचा प्रश्न येत नाही, बाटली उपडी होतानाच सगळं मिसळलेलं असतं. फक्त तो गरम व्हायच्या आत संपवावा लागतो.