सॉफ्टवेअरचा वार्षिक करार आपोआप वाढू नये म्हणून: नोटीस कधी, कोणाच्या सहीने, कुठे पाठवायची

बडोद्यातल्या बऱ्याच लहान कारखान्यांत आणि पेढ्यांत हिशेबाचं किंवा स्टॉकचं सॉफ्टवेअर वार्षिक करारावर असतं. करारात ठरलेल्या दिवसांआधी लेखी 'नको' कळवलं नाही, तर करार आणखी एका वर्षाने वाढतो आणि पूर्ण वर्षाचं बिल येतं. सेल्सवाल्याला फोनवर सांगणं, सपोर्टकडे तिकीट टाकणं, बँकेतला ऑटो-डेबिट बंद करणं, यातलं काहीही नोटीस ठरत नाही. ऑटो-डेबिट बंद केल्याने पैसे जायचे थांबतात, देणं तसंच उभं राहतं.

आधी कागद काढा: सही केलेला ऑर्डर फॉर्म, त्याला जोडलेला मुख्य करार (बऱ्याचदा तो फक्त लिंक म्हणून दिलेला असतो, त्याची पीडीएफ उतरवून ठेवा), शेवटचं बिल आणि ग्राहक क्रमांक. त्यात तीन कलमं शोधायची: मुदत व नूतनीकरण, मुदतीआधी करार संपवणं, आणि नोटिसा. ऑर्डर फॉर्म आणि मुख्य करार यांत फरक असेल तर कोणता वरचढ, हेही करारातच लिहिलेलं असतं.

नोटीस त्याच नावाने जायला हवी ज्या नावाने करार आहे. मालकी पेढी असेल तर मालकाची सही, भागीदारी असेल तर भागीदाराची, कंपनी असेल तर अधिकृत स्वाक्षरीकर्त्याची, आणि त्याच्या अधिकारपत्राची किंवा ठरावाची प्रत सोबत. सॉफ्टवेअरचा अ‍ॅडमिन पासवर्ड ज्याच्याकडे आहे त्या मुलाने स्वतःच्या मेलवरून पाठवलेली नोटीस 'अधिकार नाही' म्हणून सहज फेटाळता येते.

आता तारीख. समजा मकरपुरा जीआयडीसीतल्या एका युनिटचा करार १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ असा आहे, आणि मुदत संपण्याच्या किमान ६० दिवस आधी नोटीस 'मिळाली पाहिजे', अशी अट आहे. नोटीस मिळण्याचा दिवस आणि मुदतीचा शेवटचा दिवस दोन्ही वगळून मोजा: जानेवारीचे २, फेब्रुवारीचे २८, मार्चचे ३०, झाले ६०. म्हणजे २९ जानेवारीपर्यंत नोटीस विक्रेत्याच्या हातात हवी. '६० दिवस' आणि 'दोन महिने' एकच धरू नका. दोन महिन्यांचा हिशेब वेगळ्या तारखेला येऊन थांबतो. त्यात १४-१५ जानेवारीला उत्तरायण आणि वासी उत्तरायण, पुढे २४ ते २६ शनिवार, रविवार आणि प्रजासत्ताक दिन. म्हणून १२ तारखेच्या सोमवारी पाठवून मोकळं व्हावं.

मजकुरात एका शब्दाला फार जपायचं. 'करार रद्द करत आहोत' असं लिहू नका. त्याचा अर्थ मुदतीआधी मोडणं असा काढून उरलेल्या महिन्यांची रक्कम किंवा दंड मागता येतो. इतकंच लिहा:

'अमुक क्रमांकाच्या करारातील नूतनीकरणाच्या कलमानुसार आम्ही हा करार ३१ मार्च २०२६ नंतर पुढे चालू ठेवणार नाही. त्या तारखेपर्यंत सेवा व अटी कायम राहतील. पुढील मुदतीचे बिल काढू नये. पोच लेखी द्यावी.'

दर जास्त आहेत, सपोर्ट वाईट आहे, ही गाऱ्हाणी इथे नकोत. त्यांवरून 'सवलत देतो' अशी बोलणी सुरू होतात आणि तेवढ्यात तारीख निघून जाते.

पाठवायचं ते नोटिसांच्या कलमात दिलेल्या मेलवर आणि पत्त्यावर. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम १३ इथे महत्त्वाचं. करारात वेगळं ठरलेलं नसेल आणि मेल-पत्ता नेमून दिलेला असेल, तर मेल तिथे पोचताच 'मिळाला' धरला जातो. दुसऱ्याच पत्त्यावर गेला, तर समोरच्याने तो काढून घेतल्यावरच. सेल्समनच्या मेलवर पाठवलेली नोटीस इथेच फसते. मजकूर मेलमध्येही लिहा, सही केलेली पीडीएफ जोडा.

करारात कागदी नोटीस मागितली असेल तर फक्त मेल पुरत नाही. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं, त्यामुळे आता स्पीड पोस्टने पाठवून पोचीचा पुरावा मागा. पावती आणि ट्रॅकिंगमधल्या 'डिलिव्हर्ड' नोंदीची छापील प्रत फाइलला लावा. विक्रेत्याचं नोंदणीकृत कार्यालय एमसीए, म्हणजे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर कंपनीच्या माहितीत दिसतं. करारातला पत्ता त्याहून वेगळा असेल तर दोन्हीकडे पाठवा.

तरीही एप्रिलमध्ये बिल आलंच, तर ते जीएसटी पोर्टलवरच्या आयएमएसमध्ये, म्हणजे आलेली बिलं स्वीकारायच्या-नाकारायच्या सोयीत, नाकारा. तिथे काहीच केलं नाही तर बिल मान्य धरलं जातं. त्यावर इनपुट क्रेडिट घेतलंत, तर सेवा मान्य केल्याचं तुमचंच रिटर्न सांगेल. विक्रेत्याकडे नोटिशीच्या पोचीसह क्रेडिट नोट मागा.

आणि डेटा ३१ मार्चच्या आत उतरवून घ्या, नंतर लॉगिन बंद झालेलं असू शकतं. जीएसटीचे हिशेब वार्षिक रिटर्नच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. बिलं पीडीएफमध्ये आणि खाती एक्सेलमध्ये घ्या. फक्त त्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडणारा बॅकअप पुढच्या वर्षी कामाचा नाही.