चकचकीत पत्रा काळ्या पत्र्याइतकाच का तापतो

उन्हातला नवा जस्ती पत्रा चकाकतो, तरी दुपारी त्याला हात लावता येत नाही. याचं कारण 19व्या शतकातल्या दोन नियमांत आहे, आणि त्यांचा व्यावहारिक उपयोग 1955 मध्ये झाला.

पत्र्याचं तापमान एका ठिकाणी थांबतं, कारण जितकी उष्णता येते तितकीच जाऊ लागते. ती जाते दोन वाटांनी: काही वारा नेतो, काही पत्रा स्वतः अवरक्त किरणांतून आकाशाकडे फेकतो. पहिला नियम 1879चा: भौतिकशास्त्रज्ञ स्टेफानने दाखवलं की ही फेक निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घातानुसार वाढते. पण किती फेकायचं हे पृष्ठभागाची उत्सर्जकताही ठरवते, आणि उघड्या धातूत ती फार कमी असते.

αG = h(T − Ta) + εσ(T⁴ − Ts⁴)

इथे G म्हणजे ऊन, α म्हणजे शोषकता, उन्हाचा किती वाटा पत्रा शोषतो ते, h म्हणजे वारा किती उष्णता नेतो त्याचा गुणांक, ε म्हणजे उत्सर्जकता आणि σ हा स्टेफानचा स्थिरांक. T, Ta आणि Ts ही पत्र्याची, हवेची आणि आकाशाची तापमानं, सूत्रात केल्विनमध्ये.

ऊन 900 वॅट प्रति चौ. मी., हवा 35 अंश, आकाशाचं परिणामी तापमान 15 अंश, मंद वारा (h = 12), खालची बाजू उष्णतारोधक धरू. काळा रंग 95 टक्के ऊन शोषतो, पण त्याची उत्सर्जकता 0.9 आहे, पत्रा 74 अंशांवर थांबतो. जस्ती पत्रा फक्त 65 टक्के शोषतो, पण उत्सर्जकता 0.2 धरली तर तो 76 वर जातो! पांढरा रंग (0.25 आणि 0.9) मात्र 41 वर. उन्हाळ्यात छताला चुना मारणाऱ्यांनी हे गणित न मांडताच सोडवलं होतं. वारा जोराचा झाला (h = 25) की काळा 59 आणि जस्ती 56, म्हणजे क्रम उलटतो, कारण आता बहुतेक उष्णता वाराच नेतो.

दुसरा नियम भौतिकशास्त्रज्ञ किर्खहोफचा, 1859चा: एखाद्या तरंगलांबीला पृष्ठभाग जितका शोषतो तितकाच त्याच तरंगलांबीला फेकतो. मग भरपूर शोषणारा आणि कमी फेकणारा पृष्ठभाग कसा मिळेल? मेख ‘त्याच तरंगलांबीला’ या शब्दांत आहे. उन्हाची उष्णता बहुतेक 2.5 मायक्रॉनच्या आत येते, तापलेल्या पत्र्याची त्यापलीकडे जाते. इस्रायलचे शास्त्रज्ञ हॅरी टेबर यांनी 1955 मध्ये चकचकीत धातूवर काळा थर दिला, पण इतका पातळ की लांब तरंगांना तो जणू दिसतच नाही आणि खालचा धातूच समोर येतो. वरच्याच उदाहरणात शोषकता 0.95 आणि उत्सर्जकता 0.1 घेतली तर तापमान 100 अंशांवर जातं. पाणी तापवायला हेच हवं. इस्रायलने 1980 मध्ये नव्या घरांना सौर बंब सक्तीचा केला.

छताला नेमकं उलट हवं असतं. 2014 मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने हाफ्नियम ऑक्साइड आणि सिलिकाचे सात थर चांदीवर चढवले. ते 97 टक्के ऊन परतवतात, पण 8 ते 13 मायक्रॉनमध्ये, जिथे वातावरण किरणांना वाट देतं, जोरात फेकतात. भर उन्हात तो तुकडा हवेपेक्षा सुमारे 5 अंश थंड राहिला. तिथे वाऱ्याची भूमिका उलटते: पत्रा हवेपेक्षा थंड असला की वारा त्याला तापवतो, म्हणून त्याला वाऱ्यापासून झाकावं लागलं.