चार खणांचा तक्ता अन् डाळ मिलची लांबलचक रेघ

आमची शेतकरी कंपनी वर्धेकडच्या एका गावात आहे, 240 सभासद, अन् हिशोब-आकडेवारी माझ्याकडं. मे महिन्यात मॅनेजर सर म्हणाले, "चार कामं हायेत, माणसं दोनच, आधी कोणतं करू ते एका मेलमध्ये सांग, पानभर नको." मग मी तो फेमस चार खणांचा तक्ता काढायला बसलो, उभ्या अंगाला फायदा, आडव्या अंगाला मेहनत.

कामं अशी: घरच्या सोयाबीन बियाण्याची उगवण तपासणी, कापूस संकलनावर ओलावा मोजायचं मीटर, मिनी डाळ मिल, आणि एक मोबाईल ॲप (हे कोणाच्या डोक्यातून निघालं ते विचारू नका).

पहिल्यांदा तिघांनी 1 ते 5 मार्क दिले, आणि जवळपास सगळ्याच कामांना 3 किंवा 4 पडले. ठिपके मधल्या रेघेला चिकटून बसले, अन् रेघ केसभर सरकवली की काम एका खणातून दुसऱ्या खणात जायचं. असा तक्ता काही सांगतच नाही, आपल्याला जे आधीच आवडतं त्यालाच तो होकार देतो. दुसरी गंमत म्हणजे चित्र दिसलं की माणूस आकडा विसरतो. बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपचा 1970 चा चार खणांचा तक्ता गाजलेला आहे. आर्मस्ट्राँग आणि ब्रॉडी या संशोधकांनी 1994 साली छापलेल्या प्रयोगात लोकांना दोन प्रोजेक्टमधून एक निवडायला सांगितलं, नफ्याचे आकडे समोरच होते, तरी ज्यांनी निवडताना हा तक्ता वापरला त्यातल्या 87 टक्के लोकांनी कमी नफ्याचाच उचलला.

म्हणून मार्क खोडले अन् रुपये आणि दिवस लिहिले. रेघाही अंदाजानं मधोमध नाही मारल्या. पेरणीपर्यंत दोघांकडं मिळून 25 दिवस मोकळे, तर मेहनतीची रेघ 25 वर. सभासदामागं निदान 200 रुपये पडले तरच काम कामाचं असं धरलं, म्हणजे 48 हजारांवर फायद्याची रेघ.

आता उगवणीचं गणित बघा. घरचं बियाणं पेरणारे 150 जण, सरासरी 3 एकर. दहातल्या एकाचं बियाणं खराब निघालं तर 15 जणांचे 45 एकर दुबार पेरणीत जातात, एकरी 30 किलो बियाणं अन् पेरणीचं ट्रॅक्टर धरून 3,500 रुपये, झाले 1,57,500. वाचवायचा खर्च किती, तर ओल्या गोणपाटात मोजून 100 दाणे ठेवायचे, गुंडाळायचं, ओल टिकवायची, आठवड्याभरानं निरोगी कोंब मोजायचे. 70 च्या वर असले तर बरं, 60 आले तर एकरी 30 च्या जागी 35 किलो टाका, फारच कमी असले तर बियाणंच बदला. सोयाबीनची साल पातळ असते, मळणीयंत्राचा वेग जास्त असला किंवा पोतं आपटलं तरी आतला कोंब दुखावतो, वरून मात्र दाणा टकाटक दिसतो. सगळं मिळून 16 दिवस अन् 10 हजार रुपये.

मग माझाच अंदाज मीच मोडून पाहिला. दहात एक नाही, वीसात एक खराब धरलं. फायदा 78,750 वर आला, तरी ठिपका त्याच खणात. डाळ मिलला हेच केलं तर गाडी घसरली, थ्री-फेज लाईट नीट मिळाली तर वर्षाला अडीच लाख, नाही मिळाली तर 40 हजार. म्हणजे तो ठिपका नाहीच, दोन खणांत लोळलेली लांबलचक रेघ आहे, अन् पैसे साडेचार लाख घालायचे. मीटरचा फायदा 45 ते 60 हजार, काठावरच. पण 12 टक्क्यांवर ओलाव्याचा कापूस सरकारी खरेदी करणारं कापूस महामंडळ, म्हणजे सीसीआय, घेत नाही, त्यामुळं काम खरं आहे, फक्त कापूस दिवाळीच्या आसपास येतो. हे वेळेचं भान तक्त्यात कुठंच दिसत नाही, ते मेलमध्ये वेगळं लिहावं लागतं.

मेल असा गेला, विषयातच उत्तर:

"विषय: आधी उगवण तपासणी, डाळ मिल यंदा नको

सर, सोमवारपासून गोणपाट सुरू करू, 16 दिवस, 10 हजार. मीटरचं सप्टेंबरमध्ये ठरवू. ॲप सोडून द्या. मिलचा फायदा लाईटवर अडकलाय, तो आकडा आपल्याकडं नाही. वीसात एकच बियाणं खराब निघालं तरी माझी शिफारस बदलत नाही, शंभरात तीन निघालं तर मात्र बदलेल, फायदा 48 हजारांच्या खाली येतो. तक्ता खाली जोडलाय."

सरांचा फोन आला, "मंग मिल कधीच नाई का बे?" म्हटलं सर, महिनाभर लाईट किती तास राहते ते तर लिहू. आता पंपाच्या खोलीत खिळ्याला वही टांगली आहे, थ्री-फेज आली की वेळ, गेली की वेळ, अन् पहिल्याच आठवड्यात दोन दिवसांच्या रकान्यात नुसतीच आडवी रेघ आहे.